कुंडीतल्या जरबेराचा गाभा कुजतोय, फुलंही थांबली – मदत हवी आहे

जळगावची_गच्ची

नमस्कार मंडळी. जळगावात दुसऱ्या मजल्यावर पूर्वेकडची गच्ची आहे, ऊन साधारण अकरापर्यंत येतं. डिसेंबरात नर्सरीतून दोन जरबेरा आणले, एक लाल, एक पिवळा. फेब्रुवारीपर्यंत दोन्हींवर मिळून बारा-तेरा फुलं झाली. उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली ठेवले, दिवसातून दोनदा पाणी घातलं, त्यामुळे 44-45 अंशांतही जगले. फुलं मात्र थांबली.

जूनमध्ये झाडं हलायला लागली. बोट लावलं तरी डोलायची, म्हणून 12 इंची कुंडीत बदलली आणि भरपूर काळी माती व शेणखत घालून नीट दाबून बसवली. जुलैत एक चमचा युरियाही दिला. पानं मोठी आणि हिरवीगार झाली, पण तीन महिन्यांत फुलं फक्त दोन. मधून बारीक कळ्या निघतात आणि तपकिरी होऊन वाळतात. आता लाल झाडाची पानं दुपारी मान टाकतात, माती ओली असूनही. काल एक पान धरलं तर ते देठासकट हातात आलं, खालचं टोक काळं आणि बुळबुळीत होतं. काय करू? या झाडांवर माझा फार जीव आहे.

तापीकाठ

ताई, ही बुरशी आहे, पावसाळ्यात येतेच. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 3 ग्रॅम घेऊन फवारा, गाभ्यात चिमूटभर हळद टाका. पाणी एकदम देऊ नका, रोज थोडं थोडं द्या. माझा जरबेरा तर काळ्या मातीतच आहे, छान चाललाय.

पॉलीहाऊस_चोपडा

तापीकाठभाऊंचं बुरशीचं म्हणणं बरोबर आहे, पण फवारण्याआधी मला तीन गोष्टी सांगा. पानं जिथून फुटतात तो मधला गड्डा मातीच्या वर दिसतो की गाडला गेलाय? पाणी कुठून घालता, कडेने की वरून? आणि कुंडीखाली थाळी आहे का?

जळगावची_गच्ची

गड्डा दिसत नाही, साधारण दीड-दोन इंच मातीखाली असेल. मुद्दामच खोल लावलं, हलू नये म्हणून. पाणी झारीने वरून घालते, पानंही धुतली जातात म्हणून. थाळी आहे. एका थाळीत साचलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी दुसऱ्या कुंडीत ओतते.

पॉलीहाऊस_चोपडा

मग उत्तर तुमच्याच माहितीत आहे. आमच्याकडे जरबेरा लावताना मजुरांना पहिली गोष्ट सांगावी लागते ती हीच: क्राऊन, म्हणजे तो गड्डा, मातीच्या वर एक-दोन सेंटिमीटर राहिला पाहिजे. पानं आणि कळ्या तिथूनच फुटतात. तो झाकला गेला की कळी अंधारात आणि ओलीत जन्मते आणि वर यायच्या आधीच कुजते. तुमच्या वाळणाऱ्या कळ्या त्याच आहेत. युरियाने पानं वाढली, पण कळ्यांवर त्याने काहीच भर पडत नाही. उलट दाट पानांखाली हवा खेळत नाही.

मूळ कारण बहुधा फायटोफ्थोरा आहे. हा रोग पाण्यातून पसरतो. त्यामुळे झारीचं पाणी गाभ्यात साचणं आणि एका थाळीचं पाणी दुसऱ्या कुंडीत जाणं, दोन्ही त्याच्या सोयीचं. वरून पाणी घालणं आणि थाळी, दोन्ही आजच बंद करा.

आता लाल झाड कुंडीतून काढा, मुळं धुवा. चांगलं मूळ पांढरं आणि टणक असतं. कुजलेलं मूळ बोटात धरून ओढलं तर वरची साल निसटते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. गड्ड्याला नखाने ओरखडा काढून पाहा. आत पांढरट-हिरवं असेल तर आशा आहे. पूर्ण तपकिरी असेल तर झाड आणि माती दोन्ही फेकून द्या, त्या मातीत पुन्हा जरबेरा लावू नका.

वाचण्यासारखा भाग असेल तर धारदार, स्वच्छ सुरीने कुजलेलं सगळं कापा. मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं औषध लिटरला 2 ग्रॅम घेऊन त्यात दहा मिनिटं बुडवा, हातमोजे घाला. नंतर सावलीत दोन तास सुकू द्या. कॉपरची फवारणी वरून पानांवर बसते, गड्ड्यात शिरलेल्या रोगावर तिचा भरवसा मी देत नाही.

लागवड 8 इंची कुंडीत करा, छिद्रं मोठी असू द्या. मोठ्या कुंडीत उरलेल्या मातीला पिणारी मुळंच नसतात, ती ओलीच राहते. दोन भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. लावल्यावर पाणी दिलं की मिश्रण खाली बसतं आणि झाडही थोडं बुडतं. म्हणून दुसऱ्या दिवशी परत बघा, बुडालं असेल तर वर उचला. वरची मुळं थोडी उघडी दिसली तरी चालतं. हलतंय म्हणून माती ओढू नका, दोन बाजूंना काड्या लावून सुतळीने धरा. महिन्याभरात मुळं स्वतःच पकडतात.

पाण्याचं असं: बोट पहिल्या पेरापर्यंत खुपसा. ओलं लागलं तर घालू नका. कोरडं लागलं तर सकाळी, कडेने, खालून पाणी निघेपर्यंत. रोज थोडं थोडं दिलं की वरचा थर, म्हणजे नेमका गड्ड्याभोवतीचा भाग, कायम ओला राहतो.

केळीबाग_रावेर

आमच्याही जरबेराला फुलं नाहीत. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. बोअरचं पाणी आहे. आमचाही गड्डा कुजतोय का?

पॉलीहाऊस_चोपडा

नाही, तुमचं वेगळं आहे. ती लोहाची कमतरता वाटते. बोअरचं पाणी चुनखडीचं असेल तर मातीचा सामू वाढतो आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. कोकोपीट वाढवून बघा, चिलेटेड लोहाची फवारणी लेबलवरच्या मात्रेने करा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

तापीकाठ

खोलीचं तुमचं पटलं. काळ्या मातीचं मात्र अजून पटत नाही, माझ्याकडे तीच माती आहे.

पॉलीहाऊस_चोपडा

तुमची गच्ची दिवसभर उन्हाची असेल, तर काळी माती दोन दिवसांत सुकत असेल. ताईंची अकराला सावलीत जाते. कुंडी तुमच्याकडे टिकली म्हणजे त्यांच्याकडेही टिकेल, असं मी म्हणणार नाही.

जळगावची_गच्ची

पाच आठवड्यांनी आले, सॉरी. लाल झाड गेलं, गड्डा आतून पूर्ण तपकिरी होता. पिवळ्याच्या गड्ड्याचे तीन फुटवे वेगळे झाले, त्यातले दोन चांगले निघाले. औषधात बुडवून दोन कुंड्यांत लावले. दुसऱ्या दिवशी खरंच एक बुडाला होता, वर उचलला. आता पाणी तीन-चार दिवसांनी लागतंय. एकाला तीन नवी पानं आली आहेत, दुसरा जिथल्या तिथे आहे. पहिल्याच्या मधोमध वाटाण्याएवढी कळी दिसतेय. ती ठेवू की खुडू?

पॉलीहाऊस_चोपडा

पहिली कळी मी खुडतो, मुळं अजून बसायची असतात. पाच-सहा नवी पानं झाली की पुढची ठेवा. दुसऱ्याचं एक पान हलकेच ओढून बघा, घट्ट असेल तर अजून पंधरा दिवस थांबा.

जळगावची_गच्ची

ओढून बघितलं, घट्ट आहे. कळी खुडताना मात्र हात थरथरला.