शुश्रूषा की सुश्रुषा?

गोदाकाठ : आमच्या सोसायटीला 25 वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढतोय आणि मुद्रितं तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एका लेखात ‘सुनेने आजींची सुश्रुषा केली’ असं होतं, मी ‘शुश्रूषा’ केलं. अध्यक्षांनी लाल पेनाने पुन्हा ‘सुश्रुषा’ करून कागद परत पाठवला, समासात शेरा : ‘सुश्रुत आठवा.’ गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक आहेत, वाद घालायची सोय नाही. कोणता कोश पुढे ठेवला तर ऐकतील? परवा छपाईला द्यायचंय.

ठाणेकरीण : मला तर अध्यक्षांचंच बरोबर वाटतं. सुश्रुत शल्यवैद्य होता, रोग्यांची सेवा करायचा, म्हणून सुश्रुषा. आणि ‘सु’ म्हणजे चांगली. मी नर्सिंग शिकले तेव्हा बाईंनी अस्संच सांगितलं होतं, वहीत अजून असेल.

खिळेजुळारी : ताई, व्युत्पत्ती गोड आहे, पण खरी नाही. सुश्रुत म्हणजे सु + श्रुत. त्यात ऐकणं आहे, रोगी नाही. शुश्रूषाही ‘श्रु’ धातूचीच, पण दुसऱ्या वाटेने आलेली. संस्कृतात ‘करायची इच्छा’ सांगायची असली की धातूची सुरुवात दुणावते आणि शेवटी ‘सा’ येतो. ज्ञा वरून जिज्ञासा, पा वरून पिपासा, तशी श्रु वरून शु-श्रू-सा. पहिला ‘शु’ ही पुढच्या ‘श्रू’ची पडछाया आहे, तिथे स शिरणार कुठून? शेवटचा ‘सा’ मात्र ‘ऊ’च्या पाठोपाठ आला म्हणून ‘षा’ झाला. जिज्ञासा, पिपासा यांत त्याच्या आधी ‘आ’ आहे, म्हणून तिथे स शाबूत राहिला. म्हणजे या शब्दात स होता तो शेवटी, आणि लोक तो लिहितात सुरुवातीला!

अर्थही तसाच सरकत गेला. आधी गुरूचं ऐकायची इच्छा, मग त्याच्या शब्दात राहणं, मग त्याची सेवा, आणि आपल्याकडे येईतो आजारी माणसाची सेवा. आणि हो, श्रू दीर्घ.

नचिकेत : म्हणजे सोपं आहे की. इ-उ नंतर स आला की ष करायचा. परिषद, अभिषेक, विषाद, अनुषंग. एवढं पाठ केलं की कोश कशाला लागतो?

खिळेजुळारी : परिषद चांगली आठवली. परिषद आणि संसद, दोन्हींत धातू ‘सद्’, बसणे. ‘परि’मागे इ आहे म्हणून षद, ‘सम्’मागे नाही म्हणून सद. विषाद आणि प्रसाद हीसुद्धा त्याच धातूची भावंडं.

माहेरवाशीण : मग यंदा अनंत चतुर्दशीला ‘विषर्जन’ करायचं का, नचिकेत?

नचिकेत : 😀 तो अपवाद असेल.

खिळेजुळारी : ‘सृज्’ला पाणिनीने नाव घेऊन वगळलंय, म्हणून विसर्जन. शिवाय हा बदल सगळ्या धातूंना लागूच नाही, नाहीतर ‘अनुसार’चं ‘अनुषार’ झालं असतं. नियमाने शंका कुठे घ्यायची ते कळतं, पण निकाल कोशातच बघावा लागतो.

अण्णा मिरजकर : विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. आमच्या कोपऱ्यावर पाटी आहे, ‘चहा-नाष्टा’. नात म्हणते, आजोबा, चुकलंय, ‘नाश्ता’ पाहिजे. मी सत्तर वर्षं नाष्टा करतोय. नाश्ता म्हटलं की पोट भरल्यासारखं वाटत नाही. कोण बरोबर?

खिळेजुळारी : लिहिण्यात नात. शब्द फारसी, मूळ ‘नाश्ता’च. ट जवळ आला की आपली जीभ वळते. जुन्या पुस्तकांत ‘पोष्ट’ छापलेलं दिसतं ते त्यामुळेच. पण ष हा मराठीच्या घरचा नाही. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर ष असू शकतो, फारसी-इंग्रजी शब्दात तो शंभरदा तपासावा. खूश, हुशार, पोशाख, सगळीकडे श.

माहेरवाशीण : इथे माझं भांडण आहे. फारसीत ‘सिफारिश’ होतं. आपण पहिल्या स चा श केला, शेवटच्या श चा स केला, आणि ‘शिफारस’ कोशात राजरोस बसलाय. तेव्हा कुणी मूळ फारसी काढून दाखवलं नाही. मग अण्णांच्या नाष्ट्यालाच मूळ का विचारायचं?

खिळेजुळारी : कारण शिफारस मराठीच्या वळणाने बदलला. इ-ए पुढे असली की मराठी स चा श करते. सिंदूरचा शेंदूर, सिपाहीचा शिपाई. शब्दाच्या शेवटी फारसी श चा स झालेलाही दिसतो. शाबास, बक्षीस.

माहेरवाशीण : आणि ट पाहून जीभ वळते हे वळण नाही? अहो, आत्ताच तुम्ही सांगितलंत!

खिळेजुळारी : हं. उच्चारापुरतं मान्य. छापताना मी ‘नाश्ता’च करीन.

ठाणेकरीण : मी आत्ता मोल्सवर्थमध्ये बघायला गेले, ऑनलाइन आहे तो. स खाली शोधत बसले होते, मग श खाली गेले.

खिळेजुळारी : असंच होतं. श, ष, स अशी लागोपाठ तीन प्रकरणं. आपल्या मनातलं रूप एका ठिकाणी नाही मिळालं म्हणून शब्दच नाही असं ठरवू नये, तिन्ही दारं ठोठवावीत. मोल्सवर्थच्या 1857च्या आवृत्तीत शब्दापुढे अक्षर असतं, एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी. ते आधी बघायचं. एस दिसला की आपट्यांच्या संस्कृत कोशात जाऊन खात्री करायची, पी दिसला की ष ची आशा सोडायची. फक्त एक लक्षात ठेवा, मोल्सवर्थने लोकांच्या तोंडची रूपंही टिपली आहेत. त्यात एखादं रूप सापडलं म्हणजे ते प्रमाण ठरत नाही. आजच्या छपाईसाठी अरुण फडक्यांचा लेखन-कोश जवळ ठेवावा. गोदाकाठ, तुमच्या अध्यक्षांपुढे मात्र आपटेच ठेवा, मुख्याध्यापक आहेत ना.

नचिकेत : पण कोश की कोष?

माहेरवाशीण : झालं!

खिळेजुळारी : संस्कृतात दोन्ही. राज्य सरकार एकीकडे ‘विश्वकोश’ काढतं आणि दुसरीकडे त्याच सरकारचं ‘कोषागार’ असतं. इथे कोश काढूनही निकाल लागत नाही. एका पुस्तकात एकच रूप ठेवायचं, बस्स. मी कोश लिहितो.

नचिकेत : आणि शब्दकोष?

गोदाकाठ : अहो, माझं ऐका आता. आपटे घेऊन गेलो होतो. अध्यक्षांनी पान उघडलंसुद्धा नाही, म्हणाले, “एवढा घोळ आहे तर ‘सेवा’ लिहा.” तोवर आमच्या डीटीपीवाल्याने माझी पहिली दुरुस्ती मनावर घेऊन अख्ख्या फाइलमध्ये एकदम ‘सुश्रु’ काढून ‘शुश्रू’ घातलं होतं. अध्यक्षांच्या स्वतःच्या लेखात आता ‘शुश्रूतसंहिता’ आहे, तीन ठिकाणी. सकाळी फोन करायचाय त्यांना.

ठाणेकरीण : वही सापडली. बाईंनी फळ्यावर ‘शुश्रुषा’ लिहिलं होतं, सु नाहीच. श्रु मात्र ऱ्हस्व. म्हणजे मी कुठून आणलं ‘सु’?

अण्णा मिरजकर : नातीला काय सांगू ते राहिलंच.