जिमातला काटा खोटा दाखवते का?

वंदना (बी-३०२): कमिटीला विचारायचं आहे, जिमातला काटा कोणी पाहून घेतला होता का? काल सकाळी ६८.४, रात्री जेवून आल्यावर ६९.८. एका दिवसात दीड किलो! महिनाभर भात सोडला मी.

वानखेडे काका: काटा कार्पेटवर ठेवू नका. सपाट फरशीवर ठेवा.

सचिव: ताई, काटा नवीन आहे. बिल ऑफिसात आहे, कोणीही पाहावं.

पंकज (ए-१०४): बिल दिसते, लिफ्ट कधी दिसन जी?

शोभाताई (निवृत्त परिचारिका): लिफ्टचं नंतर. वंदना, काटा बरोबर आहे. दिवसभरात तू पाणी, चहा, ताक मिळून अडीच लिटर प्यायलीस आणि सव्वा किलो अन्न खाल्लंस असं धर. म्हणजे पावणेचार किलो आत गेलं. लघवी, घाम, श्वासातली वाफ यांतून सव्वादोन-अडीच किलो बाहेर गेलं. उरलं ते काट्यावर दिसलं. पटत नसेल तर लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन काट्यावर उभी राहा. मग ते पाणी पी आणि रिकामी बाटली हातात धरून पुन्हा उभी राहा. आकडा तोच येईल.

वंदना: पण आज सकाळी ६८.९ आहे. अर्धा किलो तर वाढलंच ना?

पंकज: काल सावजीत कोण होतं?

वंदना: पंकज, तुला कोणी विचारलं?

शोभाताई: त्याचं बरोबर आहे गं. मिठाचं जेवण झालं की शरीर पाणी धरून ठेवते. साधारण ९ ग्रॅम जास्तीचं मीठ म्हणजे लिटरभर पाणी, सलाइनच्या बाटलीत तेच प्रमाण असते. एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं ते काढून टाकतात. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. दीड किलो चरबी एका रात्रीत चढायला नेहमीच्या जेवणावर ५० हून जास्त भाकरी खाव्या लागतील.

वानखेडे काका: पुन्हा सांगतो, कार्पेटवर ठेवू नका.

वंदना: मग भात सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरलं, ते?

शोभाताई: त्यातलंही बरंचसं पाणीच. यकृत आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, दर ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून. भात बंद केला की साठा उतरतो, पाणीही जाते. म्हणून रात्रीचा आकडा पाहूच नको. सकाळी उठून शौचाला जाऊन आली की चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत मोज आणि आठवड्याची सरासरी काढ.

मंगला (सी-२०१): ताई, यांचं हृदयाचं औषध चालू आहे. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायातले मोजे रुततात. हेही मिठाचंच का?

शोभाताई: नाही मंगला, हे वेगळं आहे. हृदय कमी पडलं की पाणी साचते. आजच डॉक्टरांना फोन कर. आडवं झाल्यावर दम लागत असेल तर वाट पाहू नको, सरळ दवाखान्यात ने. मी येते खाली.

पंकज: काकू, गाडी काढतो. गेटवर या.

वानखेडे काका: काटा फरशीवर ठेवला आहे.