फ्लॅट विकला, भाडेकरूला काय लिहून द्यायचं?

«मनीषनगरचा फ्लॅट विकला, लिव्ह अँड लायसन्सचे सात महिने बाकी आहेत, ३६,००० डिपॉझिट माझ्याकडे. भाडेकरूला काय कळवू?»

भाऊ, वरती सगळे म्हणून राहिले की करार आपोआप नव्या मालकाला लागू होतो, पण ते लीजचं झालं. लिव्ह अँड लायसन्समध्ये तसं नाही, ईझमेंट अ‍ॅक्टच्या कलम ५९ नुसार नवा मालक जुन्या लायसन्सनं आपोआप बांधला जात नाही. म्हणून नुसता व्हॉट्सअ‍ॅप टाकून मोकळे होऊ नका, एक पत्र करा आन् त्यावर तुम्ही, नवा मालक, भाडेकरू तिघांच्या सह्या घ्या.

त्यात सेल डीडची तारीख, नव्या मालकाचं नाव, पत्ता, भाडं कोणत्या तारखेपासून कोणत्या खात्यात टाकायचं हे लिहा, आणि उरलेले सात महिने भाडं, नोटीस पीरियड जसेच्या तसे राहतील हे नव्या मालकाच्या तोंडून नाही, सहीनं येऊ द्या. त्याला पक्कं हवं असेल तर त्याच्या नावानं नवा करार रजिस्टर करून घ्या, ते बेस्ट.

डिपॉझिटमध्येच घोळ होतो. ३६,००० खरेदीदाराला ट्रान्सफर करा किंवा शेवटच्या पेमेंटमधून वळते करा, पण "डिपॉझिट मिळालं, परत करायची जबाबदारी माझी" असं त्याच्याकडून पत्रात लिहून घ्या, नाहीतर घर सोडताना भाडेकरू तुमच्याच दारात येईल आन् त्याचं चुकणार पण नाही. विक्री १८ तारखेला झाली असेल तर त्या महिन्याचं भाडं कोणाचं, हे तुम्ही दोघं मालक आपसात मिटवा, भाडेकरूला मधात ओढू नका.