‘पूल कोसळतो, तिघे जखमी’ : हा मराठी मथळा आहे का?

बोरू
परवा एका इंग्रजी बातमीचा अनुवाद करत होते. मथळा होता ‘ब्रिज कोलॅप्सेस, थ्री हर्ट’. मी लिहिलं, ‘पूल कोसळला, तिघे जखमी’. तपासणाऱ्या सहकाऱ्याने ‘कोसळला’चं ‘कोसळतो’ केलं. त्याचं म्हणणं असं की मुळात वर्तमानकाळ आहे, म्हणून बातमी ताजी वाटते. ‘कोसळला’ म्हटलं की ती शिळी होते. मला मात्र ‘पूल कोसळतो’ वाचून तो दर पावसाळ्यात पडतो असंच वाटलं. वाद घालताना कारण काही धड सांगता आलं नाही. इंग्रजीत वर्तमानकाळ चालतो, मग आपल्याला का खटकतो?

उंबरठा
कारण सरळ आहे. घडून गेलेल्या गोष्टीला वर्तमानकाळ लावणं हीच मुळात इंग्रजीची लकब आहे. मराठीत भूतकाळाला भूतकाळच. हे अनुवादातून शिरलेलं तण आहे, वेळीच उपटलेलं बरं.

मोडीवाचक
‘कोसळतो’ खटकतो हे खरं, पण कारण ते नव्हे. ‘दार उघडून पाहतो तो काय, आत कोणी नाही’ हे कोणत्या अनुवादातून आलं? गोष्ट सांगणारा माणूस रंगात आला की ‘मग राजा उठतो, तडक निघतो’ असंच बोलतो. तिथे आधी ‘एकदा काय झालं’ असा पाया घातलेला असतो, म्हणून पुढचा वर्तमानकाळ ऐकणाऱ्याला बरोबर कळतो. मथळ्याला असा पाया नसतो, वाचक थेट त्याच्यावरच येऊन आदळतो. आणि सुटा ‘-तो’ दिसला की मराठी कानाला नेहमीची गोष्ट ऐकू येते: सूर्य उगवतो, दूध नासतं, पूल कोसळतो.

निशिगंध
बरं झालं विषय निघाला. माझ्या मुलीला परीक्षेत ‘इतक्यात राजा उठतो आणि तलवार उपसतो’ याचा काळ ओळखायला सांगितला होता. तिने वर्तमानकाळ लिहिलं, बाईंनी चूक दिली. बरोबर काय?

बोरू
निशिगंध, माझा प्रश्न मथळ्यांचा आहे हो. मोडीवाचक, सहकाऱ्याचा मुद्दा तरी उरतोच. ‘कोसळला’ म्हणजे भूतकाळ, म्हणजे जुनं.

मोडीवाचक
तिथेच गोम आहे. ‘-ला’ला आपण शाळेत भूतकाळ म्हणतो, पण तो मुळात काम पुरं झाल्याचं सांगतो, केव्हा झालं ते नाही. वळणावर बस नुसती दिसली तरी आपण ‘बस आली’ म्हणतो, ती अजून थांबलेलीही नसते. आतून हाक आली की ‘आलो!’ म्हणतो आणि मग उठतो. ‘उद्या पाऊस आला तर’ यात तर सरळ उद्याच आहे. ‘मेलो!’ ओरडणारा जिवंत असतो. ‘गेला’ हा शब्द जुन्या ‘गत’ला ‘-ल’ लागून झाला, म्हणजे जो गेलेला आहे तो. म्हणून ‘ती बाहेर गेली’ याचा अर्थ ती आत्ता घरात नाही.

इंग्रजी साध्या भूतकाळात घटना मागे पडल्यासारखी वाटते, म्हणून त्यांनी मथळ्यात वर्तमानकाळ घेतला. आपल्या ‘कोसळला’त ताजेपणा आधीच आहे. मराठीत शिळं काय होईल? ‘पूल कोसळला होता’. सहकाऱ्याला हे दोन मथळे शेजारी ठेवून दाखवा.

मैदानी
मी बरीच वर्षं हौशी सामन्यांचं धावतं समालोचन केलंय, त्यामुळे हे अगदी पटलं. आम्ही एकाच चेंडूत दोन्ही वापरतो. ‘गोलंदाज धावत येतोय, येतोय, चेंडू टाकला, फलंदाजाने पुढे येऊन टोलवला, चेंडू हवेत आहे, खाली क्षेत्ररक्षक धावतोय...’ चाललेलं असतं ते ‘-तोय’, ज्या क्षणी होतं त्या क्षणी ‘-ला’. ‘चेंडू टाकतो, फलंदाज टोलवतो’ असं सुरुवातीला बोलून पाहिलं होतं, पण ऐकणाऱ्यांना ते पाठ म्हटल्यासारखं वाटायचं.

एकदा चेंडू हातात बसलेला दिसला आणि मी ‘झेलला!’ म्हणून टाकलं. पुढच्याच क्षणी तो सुटला. ‘झेलतोय’ म्हटलं असतं तर ‘पण सुटला’ जोडता आलं असतं. ‘झेलला’ मागे घेता येत नाही, ‘चूक झाली’ म्हणावंच लागतं. तेव्हापासून पंचाचं बोट वर जाईपर्यंत मी ‘-ला’ला हात लावत नाही.

उंबरठा
समालोचन बोली आहे, मथळा लेखी. आणि मराठीत भूतकाळ पक्का होता याचा पुरावा अभंगातच आहे. ‘तुका म्हणे’ म्हणजे तुकारामांनी म्हटलं.

मोडीवाचक
नाही, तो वर्तमानकाळ आहे. ‘करी’, ‘म्हणे’, ‘जाय’ ही जुन्या मराठीत वर्तमानाची रूपं, संस्कृतातल्या ‘करोति’, ‘भणति’च्या वंशातली. पुढे ‘-त’वरून झालेल्या ‘करतो’ने वर्तमानाची जागा घेतली आणि जुनं रूप मागे सरकलं. आज ‘तो रोज येई’ म्हटलं की पूर्वीची सवय कळते. म्हणजे एक अख्खा वर्तमानकाळ आपण भूतकाळात जमा केलाय.

संस्कृतातही हा प्रश्न होता. ‘वर्तमानसामीप्ये वर्तमानवद्वा’ असं पाणिनीचं सूत्र आहे: वर्तमानाला लागून असलेल्या भूताला नि भविष्याला वर्तमानाची रूपं विकल्पाने चालतात. ‘कधी आलास?’ याला आपण ‘हा काय, आत्ताच येतोय’ म्हणतो, ते याच जातीचं.

उंबरठा
पाणिनीनेच मुभा दिली असेल तर सहकाऱ्याचा ‘कोसळतो’ही बसेल की!

मोडीवाचक
सूत्र संस्कृतचं आहे, मराठीचा निकाल त्यावरून लागणार नाही. शिवाय आपण ‘येतोय’ म्हणतो. ‘कधी आलास?’ला ‘आत्ताच येतो’ म्हणून पाहा, ऐकणाऱ्याला तुम्ही बाहेर निघालात असं वाटेल.

बोरू
आता मी जुने मथळे काढून बसले. आपल्याकडे क्रियापदच टाळायची रीत जास्त दिसते. इंग्रजीत ‘फॉर्मर मिनिस्टर डाइज’, आपल्याकडे ‘माजी मंत्र्यांचे निधन’. ‘माजी मंत्री मरतात’ कोणी छापणार नाही. ‘दोघांना अटक’, ‘दरात वाढ’. छायाचित्राखाली तर ‘उद्घाटन करताना मंत्री’, तिथे ना भूत ना वर्तमान. सहकाऱ्याला हे दाखवल्यावर त्याने पुन्हा ‘कोसळला’ केलं. पण त्याने उलट ‘दर वाढणार नाहीत, मंत्री म्हणतात’ असा मथळा समोर ठेवला. हा मला खटकत नाही.

मोडीवाचक
बोललेलं विधान उभं राहतं, मंत्र्यांचं म्हणणं आजही तेच आहे. कोसळणं तसं उभं राहत नाही.

मैदानी
मला तिथेही ‘म्हणाले’च बरं वाटतं. ‘म्हणतात’मध्ये ऐकीव वास येतो, ‘असं म्हणतात’ यासारखा.

बोरू
आणि सनावळी? याच बातमीसोबत चौकट आहे. मुळात सगळा वर्तमानकाळ. पूल बांधला जातो, तडे दिसतात, अहवाल सादर होतो. दर ओळीच्या आधी साल आहे, म्हणजे गोष्टीसारखा पाया घातलेला आहे. इथे ‘-तो’ चालवायचा का? मी सध्या ‘बांधला, दिसले, सादर झाला’ केलंय, पण ‘2009 : खांबांना तडे दिसतात’ वाचताना मला अडखळायला होत नाही.

उंबरठा
चालवू नका. आज चौकटीत, उद्या मथळ्यात.

मोडीवाचक
मला चालेल, मात्र सगळ्या ओळी एकाच काळात हव्यात. मधेच ‘झाला होता’ आलं की उलगडा बिघडतो.

निशिगंध
म्हणजे ‘उठतो’ हे रूप वर्तमानाचं आणि अर्थ भूतकाळाचा, असंच ना? मग ‘काळ ओळखा’ला उत्तर रूपावरून द्यायचं की अर्थावरून? तिला अर्धा गुण मागायचा आहे, आणि उद्या मीच बाईंना भेटणार आहे.