सीई वाढतायत पण क्रॅश नाही, स्टिक आत्ताच बदलू का?

रात्रपाळी: डेटाबेस सर्व्हर आहे, रॅमच्या ३२ जीबीच्या ८ स्टिक. १२ दिवसांत एकाच स्टिकवर ४१ करेक्टेबल एरर, बाकीच्या सात शून्य. मशीन मस्त चालतंय. बदलायची की थांबायचं?

बिनधास्त_बाब्या: अहो ईसीसी त्याच्यासाठीच असते ना, चूक झाली, दुरुस्त केली, विषय संपला. अनकरेक्टेबल आला की बदला, उगाच डाउनटाइम कशाला घेताय.

जुनाखिळा: बाब्या, अर्धं बरोबर. एखाददुसरा सीई आला तर मीही सोडून देतो, पण अनकरेक्टेबल आला की नशीब बरं असेल तर एखादा प्रोसेस मरेल, नाहीतर सरळ कर्नल पॅनिक. २००९ च्या गूगलच्या अभ्यासात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त स्टिकवर सीई दिसले होते, आणि सीई आलेल्या स्टिकवर पुढे अनकरेक्टेबल यायची शक्यता खूपच वाढलेली. रात्रपाळी, ४१ हा आकडा बाजूला ठेवा, पत्ते बघा. रासडीमन चालू आहे ना?

```
ras-mc-ctl --errors
```

सगळे एकाच पानावर असतील तर एखादा सेल अडकलेला असू शकतो, पॅट्रोल स्क्रब फिरून फिरून तिथेच येतो आणि तीच चूक परत मोजतो, त्यामुळे आकडा फुगतो. ते पान कर्नलला सॉफ्ट ऑफलाइन करायला सांगा, ४ केबीच जातात. पण पत्ते पसरत चालले असतील तर रो किंवा अख्खी चिप जातेय, तिथे पान-पान करत बसू नका.

पुणेरी_पीसी: माझ्या घरच्या पीसीत पण निळा स्क्रीन यायचा, एक्सएमपी बंद केलं, गेला!

जुनाखिळा: तुमची रॅम ईसीसी नाही हो, तिथे मोजणारंच कुणी नाही.

केबलताई: मी आधी स्टिक नवीन आणत नाही, जागा बदलते. गेल्या वर्षी आमच्याकडे दोन स्टिक बदलल्या तरी एरर त्याच स्लॉटवर, शेवटी सीपीयू काढला तर सॉकेटची एक पिन वाकलेली. एरर स्टिकसोबत गेली तर स्टिक, स्लॉटवरच राहिली तर बोर्ड नाहीतर सीपीयू.

रात्रपाळी: बघितलं. पहिले नऊ दिवस एकच पान, काल-परवापासून आणखी पाच, सगळी त्याच स्टिकवर.

जुनाखिळा: मग स्टिक मागवा, आणि रविवारी मशीन बंद कराल तेव्हा ताईंचं ऐकून आधी जागा बदलून बघा.

केबलताई: डेटाबेसवर एवढी वाट नको, मी आज रात्रीच काढली असती. पाच पानं दोन दिवसांत म्हणजे वेग घेतलाय.

बिनधास्त_बाब्या: आमच्याकडे एक असं वर्षभर चाललंय, काही झालं नाही.

जुनाखिळा: एकाच पानावर चाललंय की पसरतंय? बघितलंत कधी?

बिनधास्त_बाब्या: …उद्या बघतो.