काका म्हणतात 'नेहमीची गोळी दे', नाव आठवत नाही. तुम्ही काय करता?

मदत हवी आहे, विशेषतः मेडिकलच्या काउंटरवर उभं राहणाऱ्यांची. आमचं दुकान लालबागला. काल ऐन गर्दीत एक काका आले.

"नेहमीची गोळी दे रे, पंधरा."

"कसली, काका?"

"बीपीची. छोटी, पांढरी. तुझे वडील न विचारता द्यायचे."

"चिठ्ठी? रिकामी पट्टी?"

"पट्टी टाकली. चाळीसची आहे, एवढं नक्की."

घोळ इथेच. टेल्मिसार्टन ४० साधी येते, तशी 'एच'वालीही येते. 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध. साधी घेणाऱ्याला ती दिली, तर सोडियम-पोटॅशियम उतरू शकतं, म्हाताऱ्या माणसाला उठताना चक्कर येऊ शकते. रंगावर विसंबावं, तर तो कंपनीगणिक बदलतो. शेवटी त्यांच्या सुनेला फोन करून घरातल्या चिठ्ठीचा फोटो मागवला. साधीच निघाली. काका मात्र फुरंगटूनच गेले.

तुम्ही नेहमीच्या गिऱ्हाइकांची नोंद कुठे ठेवता, वहीत की बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोबाईल नंबरवर? डॉक्टरांनी मध्येच गोळी बदलली तर ती जुनी नोंद फसवते, त्याचं काय करता? आणि घरी फोन उचलायलाच कोणी नसेल, तर काकांना रिकाम्या हाती कसं पाठवता?