‘एकक तपासा’ म्हणजे नेमकं काय तपासायचं?

रसायनाच्या शिक्षिका, शहादा: अकरावीच्या पोरांना स्टॉइकिओमेट्रीची गणितं जमा करण्याआधी वाचायला एक चिठ्ठी देते आहे. मसुदा असा:

“उत्तराखाली रेघ मारण्याआधी तीन ठिकाणी थांबा. मिलिलिटरला मोलॅरिटीनं गुणलं असेल, तर हाती आले ते मिलिमोल, मोल नव्हेत. जिथे ‘मोल’ लिहिलं तिथे कोणाचे मोल, तेही लिहा. शेवटी मोलचे पुन्हा ग्रॅम करा आणि तेवढा माल त्या भांड्यात मावेल का ते बघा.”

अडचण मधल्या ओळीची आहे. ‘एकक पूर्ण लिहा’ म्हटलं की मुलं mol लिहून मोकळी होतात. एकक आणि पदार्थ दोन्ही मागणारा एखादा सुटसुटीत शब्द आहे का?

बी.एस्सी.चा विद्यार्थी, धुळे: मॅडम, एवढं कशाला? सारखी एककं समोरासमोर आली की खोडायची, मोलला मोल जातो. आणि मिलिलिटरचं लिटर करायचं राहिलं तर उत्तर हजारपट फुगतं, ते बघताक्षणी कळतं.

निवृत्त प्राध्यापक, जळगाव: ग्रॅमला ग्रॅम जातो हे खरं, पण HCl च्या मोलला CO₂ चा मोल जात नाही. आणि चूक दर वेळी हजारपट दिसत नाही. हे गणित करून बघा:

CaCO₃ + 2HCl → CaCl₂ + H₂O + CO₂

चुनखडीची 2.5 ग्रॅम शुद्ध पूड 200 मिलिलिटर 0.15 M आम्लात टाकली. पूड 0.025 मोल. आम्ल 0.2 × 0.15, म्हणजे 0.030 मोल. सगळी पूड विरघळायला आम्ल 0.050 मोल लागतं, तेवढं नाही. आम्ल आधी संपतं, म्हणून CO₂ त्याच्या निम्मा, 0.015 मोल. 22.4 लिटरनं गुणलं की 336 मिलिलिटर.

आता लिटर करायला विसरलेला मुलगा 200 × 0.15 = 30 मोल लिहितो. त्याच्या हिशेबात आम्ल रग्गड आहे, म्हणून लिमिटिंग रिएजंट चुनखडी ठरते. CO₂ 0.025 मोल, उत्तर 560 मिलिलिटर. हा आकडा बघून कोणाला शंका येईल? एककाच्या चुकीनं आकडा फुगलाच नाही, तिनं लिमिटिंग रिएजंटच बदलून टाकला. त्या 30 चा उत्तरात मागमूस नाही.

इथे मॅडमची तिसरी ओळ उपयोगी पडते. 30 मोल HCl म्हणजे 30 × 36.5, जवळजवळ 1,100 ग्रॅम. 200 मिलिलिटर द्रावणात किलोभर HCl कसं असेल? फक्त ही तपासणी शेवटच्या उत्तरावर करून भागत नाही, मधल्या प्रत्येक मोलच्या आकड्यावर करावी लागते. ‘शेवटी’ हा शब्द चिठ्ठीतून काढा.

शिक्षिका, शहादा: ‘शेवटी’ काढते. तिथे ‘मोल काढल्या काढल्या’ असं लिहिते.

केळी उत्पादक, रावेर: ताई, शाळेचं मला फार कळत नाही, पण एक विचारू का? DAP च्या गोणीवर 18:46 असतं. 50 किलोच्या गोणीत 23 किलो फॉस्फरस धरून मी खताचा हिशेब लावतो. तुमच्या चिठ्ठीप्रमाणे हे चुकतं का?

निवृत्त प्राध्यापक, जळगाव: दादा, ते 23 किलो P₂O₅ चे. 142 ग्रॅम P₂O₅ मध्ये फॉस्फरस 62 ग्रॅमच असतो, म्हणून गोणीत निव्वळ फॉस्फरस साधारण 10 किलो. खताची शिफारसही बहुधा P₂O₅ मध्येच देतात, तशी असेल तर तुमचा हिशेब बिघडत नाही. माती तपासणीचा अहवाल मात्र नीट बघा, आकडा P चा आहे की P₂O₅ चा.

शिक्षिका, शहादा: दादांचा प्रश्न वर्गात घेणार आहे. एकक किलोच, आकडाही बरोबर, पण किलो कोणाचे ते लिहिलं नाही. मग ‘पदार्थासह एकक’ म्हणू का?

निवृत्त प्राध्यापक, जळगाव: तसं म्हटलं तर पदार्थ एककाचा भाग वाटेल, तो तसा नाही. एकक mol एवढंच. मात्र मोल वापरताना कण कोणता ते सांगायलाच हवं, हा SI चा नियम आहे. माझ्या मते ‘कोणाचे?’ हाच शब्द ठेवा.

विद्यार्थी, धुळे: ‘पदार्थासह एकक’ पोरांना लवकर लक्षात राहील, मला तेच बरं वाटतं. 336 चं मानलं सर, पण आमच्याकडे 22.7 लिटर शिकवतात. मग उत्तर 340.5 येतं. चूक कोणाची?

निवृत्त प्राध्यापक, जळगाव: कोणाचीच नाही. 0 अंश सेल्सियसला दाब 1 atm धरला तर 22.4, 1 bar धरला तर 22.7. IUPAC नं 1982 पासून bar घेतला, पण पुष्कळ पुस्तकांत 22.4 टिकून आहे. नुसतं ‘STP’ लिहून भागत नाही, दाबही लिहा.

शिक्षिका, शहादा: मग प्रश्नपत्रिकेत दाब दिलाच नसेल तर मुलांनी कोणता धरायचा?